ठरलं खरं, पण करणार कोण?

‘गच्चीच्या गळतीबाबत सविस्तर चर्चा झाली. सदर काम पावसाळ्यापूर्वी लवकरात लवकर करून घेण्यात यावे, असे सर्वानुमते ठरले.’

हे वाक्य मी लिहिलं आहे. पुण्यातल्या आमच्या चाळीस फ्लॅटच्या सोसायटीचा सचिव म्हणून मी लिहिलेल्या पहिल्याच इतिवृत्तातलं. पुढच्या बैठकीत ते वाचून कायम झालं, सह्या झाल्या, वहीत गेलं. जूनमध्ये पाऊस आला आणि वरच्या मजल्यावरच्या दोन घरांत छताखाली बादल्या लागल्या. काम झालंच नव्हतं. अध्यक्षांना वाटत होतं खजिनदार ठेकेदाराशी बोलले असतील, खजिनदारांना वाटत होतं सचिव बोलले असतील, आणि मी इतिवृत्त लिहून मोकळा झालो होतो. त्या रात्री वही काढून ते वाक्य पुन्हा वाचलं, तेव्हा चूक कुठे झाली ते कळलं. वाक्यात क्रिया होती, कर्म होतं, कर्ताच नव्हता.

पुढच्या वर्षीपासून मी बैठकीचं ध्वनिमुद्रण करू लागलो. सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून, संमती घेऊन, मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवायचा आणि नंतर ते टाइप करून घ्यायचं. वाटलं होतं, शब्दन् शब्द हाताशी असला की काही निसटणार नाही. पण हातात आलं ते छत्तीस पानांचं बाड. १ तास ५२ मिनिटांच्या बैठकीचे सुमारे अकरा हजार शब्द. ते कोणीही वाचणार नव्हतं. त्यातून दोन पानांचं इतिवृत्त काढायचं, आणि तेही असं की प्रत्येकाला आपलं काम चटकन सापडावं, हे कसं करायचं ते मी हळूहळू शिकलो. सोसायटी, संस्था, मंडळ, शाळेची पालक समिती किंवा ऑफिस, कुठेही ही लिहिण्याची पाळी येते. म्हणून एकच विषय धरून, तो छत्तीस पानांतून दहा ओळींत कसा आला, ते इथे दाखवतो.

बोलणं वेळेप्रमाणे चालतं, इतिवृत्त विषयाप्रमाणे

शब्दशः नोंद आणि इतिवृत्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गरजही वेगळी आहे. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी झाली. तिथल्या चर्चा शब्दशः नोंदवून ठेवल्या गेल्या, म्हणून आजही एखाद्या कलमामागे कोणाचा काय युक्तिवाद होता हे पाहता येतं. विधिमंडळातही प्रतिवेदक सभागृहात बसून भाषणं जशीच्या तशी टिपतात. तिथे कोण काय म्हणालं यालाच मोल आहे. समितीच्या बैठकीतून मात्र लोकांना तीन गोष्टी हव्या असतात: काय ठरलं, ते का ठरलं, आणि आता कोणी काय करायचं.

कंपन्यांसाठी हे नियमांतच बसवलेलं आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ११८ प्रमाणे बैठकीनंतर तीस दिवसांत इतिवृत्त नोंदवावं लागतं. कोणाची बदनामी होईल असा, कामकाजाशी संबंध नसलेला किंवा कंपनीच्या हिताला बाधा आणणारा मजकूर अध्यक्षांच्या मते असेल, तर तो त्यात घालायचा नाही, असंही तेच कलम सांगतं. सहकारी गृहनिर्माण संस्थेला हा कायदा लागू नाही, पण काय गाळायचं याची ही चाळणी कुठेही वापरण्यासारखी आहे.

पहिली अडचण येते ती क्रमाची. माणसं विषयपत्रिकेच्या क्रमाने बोलत नाहीत. गच्चीवर बोलता बोलता पार्किंग येतं, पार्किंगवर वाद रंगलेला असताना कोणाला तरी पुन्हा गच्ची आठवते, आणि ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयां’त तीच गच्ची तिसऱ्यांदा निघते. मूळ नोंद पहिल्या पानापासून वाचत जागच्या जागी सारांश लिहीत गेलो, तर पहिल्या चर्चेतलं मत निर्णय म्हणून कागदावर उतरतं आणि खरा निर्णय शेवटच्या पानावर राहून जातो.

म्हणून पहिल्या वाचनात मी काहीही लिहीत नाही. फक्त समासात खुणा करतो. विषयपत्रिकेतल्या विषयाचा आकडा आणि पुढे एक अक्षर: ‘नि’ म्हणजे निर्णय, ‘का’ म्हणजे कोणीतरी करायचं काम, ‘मा’ म्हणजे माहिती, ‘लो’ म्हणजे लोंबकळत राहिलेला मुद्दा. बाकी सगळं कोरं सोडतो. छत्तीस पानांत अशा जेमतेम चाळीस खुणा होतात. दुसऱ्या वाचनात मी पानं न धरता विषय धरतो. आधी सगळे ‘३’ एका ओळीत वाचायचे, मग सगळे ‘४’. एकाच विषयाचे विखुरलेले तुकडे शेजारी आले की बोलणं कुठून कुठे गेलं ते आपोआप दिसतं.

एक विषय, तीन तुकडे

१२ एप्रिलच्या बैठकीतला तिसरा विषय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा होता. सर्वसाधारण सभेने या कामाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची मंजुरी आधीच दिलेली होती, त्यामुळे समितीला फक्त ठेकेदार निवडायचा होता. पहिला तुकडा तेविसाव्या मिनिटाचा:

खजिनदार: गच्चीची तीन कोटेशनं आलीयत. चार दहा, तीन पासष्ट आणि चार चाळीस.
अध्यक्ष: मग तीन पासष्टवाल्यालाच देऊन टाकू ना.
ब-३०२: स्वस्त म्हणून नको हो. मागे असंच केलं आणि दुसऱ्या पावसाळ्यात परत गळायला लागलं.
सचिव: वॉरंटी किती देतोय तो?
खजिनदार: पाच वर्षं म्हणाला, पण लेखी देत नाही. चार दहावाला सात वर्षं लेखी देतो.
अध्यक्ष: बरं, मग त्याच्याशी बोलून घेऊ.

दुसरा तुकडा अठ्ठावन्नाव्या मिनिटाला, पार्किंगच्या ऐन मध्यात:

ब-३०२: ते गच्चीचं, ॲडव्हान्स किती देताय? मागे निम्मे दिले आणि माणूस दिसेना.
खजिनदार: तीस टक्क्यांपेक्षा जास्त द्यायचे.
अध्यक्ष: हो, तीस टक्के पुरे. बाकीचे पाणी साठवून बघितल्यावर. दोन दिवस पाणी ठेवायचं, खाली ओल आली नाही तरच पैसे.

आणि तिसरा, बैठक संपायला पंधरा मिनिटं असताना:

सचिव: गच्चीचं नक्की काय लिहू?
अध्यक्ष: लेखी वॉरंटीवाला. तीन नव्वदपर्यंत उतरतोय का बघा. नाही उतरला तर चार दहाला द्या, पण मे संपायच्या आत काम संपलं पाहिजे.
सचिव: बोलणार कोण त्याच्याशी?
अध्यक्ष: आपणच बोलू की.
खजिनदार: मी बोलतो. वीस तारखेपर्यंत सांगतो तुम्हाला.
सचिव: वर्क ऑर्डर मी काढतो मग. पंचवीसपर्यंत.
ब-३०२: काम चालू असताना मी रोज वर जाईन. पाणी साठवतील तेव्हाही मी असेन.

नुसता पहिला तुकडा वाचून कोणी लिहिलं असतं, ‘कमी किमतीचे कोटेशन स्वीकारावे असे अध्यक्षांनी सुचवले,’ तर ते खोटं ठरलं नसतं. पण वाचणाऱ्याची दिशाभूल झाली असती, कारण अध्यक्षांनी ते मत दोन मिनिटांत सोडून दिलं होतं. एका विषयावर शेवटी जे ठरलं तेच टिकतं. आधीची मतं त्या शेवटच्या बोलण्याला कारण पुरवत असतील तेवढ्यापुरतीच घ्यायची. इथे ‘लेखी वॉरंटी नाही’ हे कारण घ्यायला हवं. सहा महिन्यांनी एखादा सभासद नक्की विचारणार, की स्वस्त कोटेशन असताना महाग का घेतलं.

गळलेला एक ‘नाही’

वरच्या दुसऱ्या तुकड्यात खजिनदारांचं वाक्य पुन्हा वाचा: ‘तीस टक्क्यांपेक्षा जास्त द्यायचे.’ टाइप होऊन आलेल्या कागदावर असंच होतं. पण लगेच अध्यक्ष म्हणतात, ‘हो, तीस टक्के पुरे.’ ही दोन वाक्यं एकमेकांना धरून नाहीत. मी मूळ ध्वनिमुद्रणातली ती जागा काढून ऐकली. खजिनदार म्हणाले होते, ‘जास्त नाही द्यायचे.’ त्याच क्षणी कोणीतरी खुर्ची ओढली होती आणि ‘नाही’ तिच्या आवाजात बुडाला होता.

मराठी बोलण्यात नकार असा छोटासा, वाक्याच्या शेपटाकडे येतो आणि सहज गळतो. आकड्यांचंही तसंच. पंधरा आणि पन्नास, साठ आणि सात, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी, घाईत बोलले की ऐकणाऱ्याची गल्लत होते. शिवाय आपण रक्कम सांगताना ‘तीन पासष्ट’ म्हणतो, ‘लाख’ हा शब्द गिळून टाकतो. टाइप करणाऱ्याने तिथे ३६५ लिहिलं होतं. म्हणून माझा एक नियम आहे. इतिवृत्तात जाणारा प्रत्येक आकडा, प्रत्येक तारीख, प्रत्येक नाव आणि निर्णयातला प्रत्येक नकार मूळ आवाजात परत ऐकायचा. अकरा हजार शब्द पुन्हा ऐकायची गरज नसते. या जागा पंचवीस-तीस भरतात आणि अर्ध्या तासात ऐकून होतात. टाइप करून घेतानाच दर पानावर वेळ टाकून घेतली असेल तर जागा लगेच सापडते. रकमेच्या बाबतीत मूळ कोटेशनचा कागदही समोर ठेवतो, कारण बोलणाऱ्याकडूनही आकडा चुकू शकतो.

‘आपण’ म्हणजे कोण?

आता सगळ्यात नाजूक भाग: काम कोणाचं? निर्णय शोधणं तुलनेने सोपं असतं, कारण निर्णयापाशी बैठक थोडी थांबते. काम मात्र बोलण्याच्या ओघात येतं आणि जातं. आपली भाषाही इथे फसवते, कारण जबाबदारी न घेता होकार देण्याच्या किती तरी पद्धती मराठीत आहेत.

‘आपण बोलू की’ यातला ‘आपण’ म्हणजे खोलीतले सगळे, म्हणून कोणीच नाही. ‘होऊन जाईल’ म्हणताना काम जणू आपलं आपण होणार असतं. ‘बघूया’ हा पुष्कळदा सभ्य नकार असतो. ‘कोणीतरी वॉचमनला सांगा’ हे वाक्य ऐकणारा प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. आणि हे सगळं लिहायला बसलं की आपल्या हातून सरकारी वळणाचा कर्मणी प्रयोग उमटतो: करण्यात यावे, कळवण्यात यावे, पाठपुरावा करण्यात यावा. बोलताना निदान ‘आपण’ तरी होता, लिहिताना तोही जातो. माझ्या पहिल्या इतिवृत्तात नेमकं हेच झालं होतं.

त्यामुळे ‘का’ अशी खूण केलेल्या प्रत्येक जागी मी एकच गोष्ट शोधतो: कोणी ‘मी’ म्हणालं का? ‘मी बोलतो, वीस तारखेपर्यंत सांगतो’ यात माणूस आहे, क्रिया आहे, मुदत आहे. हे काम पक्कं. अध्यक्षांनी एखाद्याचं नाव घेऊन सांगितलं आणि तो ‘हो’ म्हणाला, तरीही पक्कं. पण नाव घेतलं गेलं आणि तो माणूस गप्प राहिला, किंवा मुळात बैठकीला नव्हताच, तर ते काम अजून कोणाचंच झालेलं नाही.

काम लिहितानाही क्रियापद असं निवडायचं की ते झालं की नाही हे तिसऱ्या माणसाला तपासता यावं. ‘ठेकेदाराचा पाठपुरावा करणे’ हे कधी संपलं ते कोण सांगणार? ‘ठेकेदाराशी बोलून अंतिम किंमत समितीला कळवणे’ हे मात्र वीस तारखेला झालेलं असेल किंवा नसेल. आणि एका कामाला एकच नाव. दोन नावं घातली की माझ्या पहिल्या वर्षीचीच गोष्ट पुन्हा घडते, दोघंही एकमेकांवर विसंबून राहतात. मदतीला कितीही जण असू देत, विचारायचं कोणाला ते एकच असावं.

तिन्ही तुकड्यांतून शेवटी कागदावर आलं ते असं:

विषय ३. गच्चीचे वॉटरप्रूफिंग

निर्णय: आलेल्या तीन कोटेशनांपैकी ४,१०,००० रुपयांचे, सात वर्षांची लेखी वॉरंटी असलेले कोटेशन स्वीकारले. किंमत ३,९०,००० रुपयांपर्यंत कमी करून मागायची. कमी न झाल्यास ४,१०,००० रुपयांना काम द्यायचे.

कारण: सर्वांत कमी किमतीच्या (३,६५,००० रुपये) कोटेशनमध्ये वॉरंटी लेखी नव्हती.

अटी: आगाऊ रक्कम ३० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. उरलेली रक्कम गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून, खाली ओल येत नाही हे पाहिल्यानंतर. काम ३१ मेपर्यंत पूर्ण.

कामे:
१. ठेकेदाराशी बोलून अंतिम किंमत समितीला कळवणे: खजिनदार, २० एप्रिल
२. वरील अटींसह वर्क ऑर्डर देणे: सचिव, २५ एप्रिल
३. कामावर रोज देखरेख आणि पाण्याच्या चाचणीला हजर राहणे: ब-३०२ चे सदस्य, काम संपेपर्यंत

वहीत अर्थातच पदांऐवजी माणसांची नावं आहेत. एक बारकावा पाहा. आगाऊ रकमेचा आकडा मी लिहिलेला नाही, टक्केवारीच ठेवली आहे. १,२३,००० लिहिण्याचा मोह झाला होता. पण किंमत तीन नव्वदवर आली असती तर तीस टक्के म्हणजे १,१७,००० झाले असते, आणि वहीतला आकडा सहा हजारांनी चुकला असता. बैठकीत ठरली होती टक्केवारी, म्हणून टक्केवारीच. हिशेब करून नीटनेटकं करावंसं वाटतं, पण जे बोललं गेलं नाही ते आपल्या पदरचं घालायचं नाही.

दुसरा बारकावा मागच्या ठेकेदाराचा. ‘माणूस दिसेना’ हे वाक्य बैठकीत बोललं गेलं, सगळ्यांनी मान डोलावली, पण इतिवृत्तात ते नाही. त्यातून जे निघालं, म्हणजे आगाऊ रकमेची मर्यादा, ते आलं आहे. हजर नसलेल्या माणसावरचा आरोप सोसायटीच्या कायमच्या वहीत जाण्याचं काही कारण नव्हतं. चिडून बोललेली वाक्यं, टोमणे, एकमेकांची उणीदुणी यांनाही हाच न्याय. मात्र एखाद्या सदस्याने ‘माझा विरोध नोंदवा’ असं म्हटलं असेल, तर तो नावासह नोंदवायचाच. तिथे संक्षेप करण्याचा अधिकार लिहिणाऱ्याला नाही.

मालक नसलेलं काम

पाचवा विषय पाण्याच्या टाक्या साफ करण्याचा होता. त्यावर सगळी चर्चा मिळून एवढीच:

सदस्य: टाक्यांचं काय झालं? जानेवारीत व्हायचं होतं ना?
अध्यक्ष: हो, करून घ्यायला पाहिजे. या महिन्यात होऊन जाईल.
सदस्य: कोणीतरी त्या साफसफाईवाल्याला फोन करा.
अध्यक्ष: हो हो. बरं, पुढचा विषय?

करायचं हे ठरलं, ‘या महिन्यात’ ही ढोबळ मुदतही आली, पण करणारा नाही. अशा जागी लिहिणाऱ्यापुढे दोन सोपे पण चुकीचे रस्ते असतात. पहिला, ‘टाक्या साफ करून घेण्यात याव्यात’ असं लिहून पुढे जायचं. दुसरा, गेल्या वेळी अमक्याने केलं होतं म्हणून त्याचंच नाव टाकून द्यायचं. दुसरा जास्त धोक्याचा, कारण कागद पूर्ण दिसतो आणि ज्याचं नाव आहे त्याला काहीच ठाऊक नसतं. तो मसुदा वाचून वैतागतो किंवा वाचतच नाही.

मी लिहिलं: ‘निर्णय: टाक्या एप्रिलअखेर साफ करून घ्यायच्या. जबाबदार व्यक्ती बैठकीत ठरली नाही.’ ही ओळ लिहिताना अवघड वाटतं, पण खरं तेवढंच होतं. मग मसुदा पाठवण्याआधी अध्यक्षांना फोन केला. त्यांनी एका सदस्याचं नाव सुचवलं, मी त्या सदस्याला विचारलं, तो हो म्हणाला. हे नाव मी कामांच्या यादीत घातलं आणि पुढे कंसात लिहिलं, ‘बैठकीनंतर ठरले’. इतिवृत्तातली मूळ ओळ बदलली नाही. बैठकीत काय झालं याची ती नोंद आहे आणि नंतरचा फोन बैठकीत झाला नव्हता. कामाची यादी मात्र पुढे बघणारी असते, तिच्यात नंतरची भर चालते. हे दोन कागद मनात वेगळे ठेवले की खोटं लिहावं लागत नाही आणि काम अडतही नाही.

आता मी बैठकीतच प्रत्येक विषय संपताना एक वाक्य मोठ्याने म्हणतो: ‘म्हणजे हे काम अमक्यांचं, या तारखेपर्यंत, बरोबर?’ वरच्या तिसऱ्या तुकड्यातला ‘बोलणार कोण त्याच्याशी?’ हा प्रश्न त्याच सवयीतून आला. प्रश्न विचारला म्हणूनच ‘आपणच’चं ‘मी’ झालं. टाक्यांच्या विषयाला मी तो विचारायला विसरलो होतो. कागदावर जी ओळ रिकामी राहते, ती बहुतेक वेळा बैठकीतच रिकामी राहिलेली असते.

बाहेर जाण्याआधी

मसुदा झाला की मी तो तीन प्रकारे तपासतो. आधी उलटा प्रवास: इतिवृत्तातल्या प्रत्येक ओळीसमोर मूळ नोंदीतली वेळ पेन्सिलने लिहायची. ज्या ओळीला वेळ सापडत नाही, ती ओळ माझ्या डोक्यातून आलेली असते. एकदा ‘सर्वानुमते’ हा शब्द असाच सापडला. मतं घेतलीच नव्हती, मी सवयीने लिहून गेलो होतो. मग सुलटा प्रवास: समासातल्या ‘नि’ आणि ‘का’ मोजायच्या आणि त्या सगळ्या मसुद्यात आल्या का ते बघायचं. जे निसटतं ते बहुधा आयत्या वेळच्या विषयांतलं असतं, कारण तोवर बैठक दमलेली असते आणि लिहिणाराही.

तिसरी तपासणी माणसाकडून. बैठकीला न आलेल्या एका सदस्याला मसुदा वाचायला देतो आणि एवढंच विचारतो: गच्चीचं काम कोणाला दिलं, किती रुपयांना, आणि उद्या तुम्हाला त्याबद्दल विचारायचं झालं तर कोणाला फोन कराल? त्याला उत्तर देता आलं नाही तर मसुदा परत लिहायचा. बैठकीला हजर असलेला माणूस मसुद्यातल्या मोकळ्या जागा आठवणीने भरतो, म्हणून त्याचं ‘छान झालंय’ इथे उपयोगाचं नसतं.

वेळेचंही भान ठेवावं लागतं. पहिली मुदत २० एप्रिलची होती. इतिवृत्त त्यानंतर निघालं असतं, तर ते काम आठवणीवरच चाललं असतं. म्हणून नुसती कामांची यादी, नाव आणि तारखेसह, मी त्याच रात्री समितीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. पूर्ण मसुदा तीन दिवसांत जातो. ‘मी असं म्हणालो नव्हतो’ ही तक्रार तिसऱ्या दिवशी आली तर ध्वनिमुद्रण ऐकून मिटते, दोन महिन्यांनी आली तर तिचं भांडण होतं. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होईपर्यंत ध्वनिमुद्रण जपून ठेवायचं आणि नंतर त्याचं काय करायचं ते समितीने ठरवायचं, असं आम्ही ठरवून घेतलं आहे. कारण छत्तीस पानांत असं बरंच काही असतं जे त्या खोलीतच राहिलेलं बरं.

आमच्या मेमधल्या बैठकीत पहिला विषय नेहमीप्रमाणे ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हाच होता. ते कायम झालं आणि पाठोपाठ मी कामांची यादी वाचली. खजिनदार म्हणाले, तीन पंचाण्णवला तयार झाला, अठरा तारखेलाच कळवलं होतं. वर्क ऑर्डरची प्रत मी टेबलावर ठेवली. टाक्या साफ झाल्या होत्या. ब-३०२ चे काका म्हणाले, ‘उद्यापासून पाणी साठवतायत, मी सकाळी सातला वर आहे.’ गच्चीवर ‘सविस्तर चर्चा’ झाली नाही. चार मिनिटांत आम्ही पुढच्या विषयावर होतो.